ले-अपची दोन पावलं

उजव्या बाजूने बास्केटकडे धावताना शेवटचा ड्रिबल मारून चेंडू दोन्ही हातांत घ्या. आता पहिलं पाऊल उजवं, लांब टाका. दुसरं डावं, आखूड. या आखूड पावलाने पुढचा वेग वर वळतो. डाव्या पायावर उडी घेताच उजवा गुडघा आणि उजवा हात एकत्र वर जातात. चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ अलगद टेकवा.

नवखे खेळाडू बहुधा उजव्याच पायावर उडतात. मग शरीर आखडतं, हात पूर्ण लांबत नाही. तिसरं पाऊल पडलं तर ट्रॅव्हलिंग होतं. अशा वेळी ड्रिबल सोडा, बास्केटजवळ उभे राहून ‘उजवा, डावा, उडी’ एवढंच चालत करा. डाव्या बाजूने हाच क्रम उलटा: डावा, उजवा, डावा हात. पाय आपोआप पडू लागले की मगच वेग वाढवा.