अधिक की उणे? सायरनच्या सुराचे गणित

हायवेवर मागून अ‍ॅम्ब्युलन्स येते तेव्हा सायरनचा सूर चढा लागतो आणि ती पुढे निघून गेली की एकदम उतरतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉपलर याने १८४२ साली मांडलेला हा परिणाम बहुतेकांना ठाऊक असतो. पण ऐकणाराही धावत असला की सूत्रात कुठे अधिक घ्यायचे आणि कुठे उणे, इथे हमखास गोंधळ होतो.

सूत्र असे:

f′ = f × (v + u) / (v + w)

f ही सायरनची मूळ वारंवारता, f′ ऐकू येणारी, v हा ध्वनीचा वेग, u ऐकणाऱ्याचा आणि w सायरनचा. चिन्हासाठी एकच नियम पुरतो: ऐकणाऱ्याकडून सायरनकडे जाणारी दिशा धन. त्या दिशेचा वेग अधिक, उलट दिशेचा उणे. हा नियम वरच्या आणि खालच्या, दोन्ही वेगांना लागू.

आता आकडे घालू. सायरन ७०० हर्ट्झचा, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. अ‍ॅम्ब्युलन्सचा वेग २० मीटर, तुमच्या गाडीचा १०, दोघेही एकाच दिशेने निघालेले. अ‍ॅम्ब्युलन्स मागे असताना तुमच्याकडून तिच्याकडे जाणारी दिशा मागची. तुम्ही दोघेही पुढे जाता, म्हणून दोन्ही वेग उणे: ७०० × ३३० / ३२०, म्हणजे सुमारे ७२२ हर्ट्झ. तिने ओव्हरटेक केले की सायरन पुढे जातो आणि धन दिशाही फिरते. वेग तेच, पण चिन्हे आता अधिक: ७०० × ३५० / ३६०, सुमारे ६८१ हर्ट्झ.

‘दोघांमधले अंतर कमी होते आहे, मग वर अधिकच हवे’ असे समजून ३५० / ३२० घेतले, तर उत्तर सुमारे ७६६ येते. ते चुकीचे आहे हे ओळखता येते. तुम्ही थांबलेले असता तर ७४४ हर्ट्झ ऐकू आले असते; सायरनपासून दूर पळताना सूर त्याहून चढा कसा लागेल? ७६६ हे उत्तर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांचे. दुसरी पडताळणी आणखी सोपी: दोघांचा वेग आणि दिशा सारखी धरा, उत्तर मूळ ७०० यायलाच हवे.

दोन्ही वेगांची वजाबाकी करून एकच आकडा का वापरू नये? कारण दोघे वेगवेगळी कामे करतात. धावणारा सायरन हवेतल्या लाटा पुढे दाटवतो आणि मागे विरळ करतो, म्हणजे तरंगलांबीच बदलतो. धावणारा श्रोता लाटा बदलत नाही, त्या फक्त लवकर किंवा उशिरा गाठतो. म्हणून १० मीटर वेगाने सायरन थांबलेल्या तुमच्याकडे आला तर ७२१.२ हर्ट्झ ऐकू येते, आणि तुम्ही त्याच वेगाने थांबलेल्या सायरनकडे गेलात तर ७२०.६.

फरक छोटा आहे, पण वेग ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागला की तो झपाट्याने वाढतो. सायरनने ध्वनीलाच मागे टाकले, तर मात्र हे सूत्र असे वापरता येत नाही.