उद्दिष्ट चुकलं, आता पत्रात काय लिहायचं?

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या हजारो नवउद्योजकांना एक पत्र लिहायचं असतं. ज्यांनी आपल्या कंपनीत पैसे घातले त्यांना गेला महिना कसा गेला ते सांगणारं, ईमेलनं जाणारं पान-दीड पानाचं पत्र. असं पत्र दरमहा पाठवा असं कोणताही कायदा म्हणत नाही. मोठ्या गुंतवणूकदारांच्या भागधारक करारात माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला असतो. त्यानुसार ठरलेल्या मुदतीत आकडे द्यावे लागतात, पण ते आकडेच, त्यामागची हकीकत नव्हे. पाच-दहा लाख घालणाऱ्या छोट्या गुंतवणूकदाराला तर बहुतेक वेळा तेवढाही हक्क नसतो. त्याला जे काही कळतं ते या पत्रातून.

महिना चांगला गेला की हे पत्र अर्ध्या तासात लिहून होतं. प्रश्न वाईट महिन्याचा असतो. पत्र आधी ‘पुढच्या आठवड्यात’ जातं, मग दोन महिन्यांचं एकदम पाठवू असं ठरतं, आणि मग ते बंदच पडतं. गुंतवणूकदारांकडे अशा वीस-तीस कंपन्या असतात आणि पत्र थांबलं याचा अर्थ ते सरावानं लावतात. म्हणून चुकलेला महिनाच कसा लिहावा, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले आकडे हाडामासाचे वाटावेत असे घेतले आहेत.

समजा, पुण्यात एक कंपनी आहे. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपना ती जॉबवर्कचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर भाड्यानं देते: कोणाचा माल आला, कोणत्या मशीनवर गेला, बिल कधी निघालं. भाडं महिन्याला अडीच हजार रुपये, जीएसटी वेगळा. जूनअखेर पैसे भरणारे ग्राहक २१२. जुलैअखेर २४० करायचे ठरले होते, झाले २२९. दरमहा येणारं भाडं ६ लाखांवर जायला हवं होतं, ते ५ लाख ७२ हजार ५०० वर थांबलं.

या महिन्याचं पत्र तीन तऱ्हांनी लिहिता येतं. पहिली तऱ्हा लपवाछपवीची, आणि तिच्यात खोटं एक अक्षरही नसतं. ‘आतापर्यंत चारशेहून अधिक वर्कशॉपनी आमचं सॉफ्टवेअर वापरलं’ हे वाक्य खरं असू शकतं. त्यात सोडून गेलेले आले, फुकट वापरून पाहणारेही आले. आजवरची बेरीज कधी खाली जात नाही, हीच तिची सोय. गेल्या महिन्यात ‘पैसे भरणारे ग्राहक’ होते आणि या महिन्यात ‘नोंदणी केलेले ग्राहक’ झाले, तर तीन महिन्यांची पत्रं शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो बदल लगेच दिसतो. अनुभवी गुंतवणूकदार तसंच वाचतो. कोणता आकडा वाढला यापेक्षा कोणता आकडा गायब झाला, हे तो आधी शोधतो.

दुसरी तऱ्हा कबुलीची: ‘उद्दिष्ट थोडं चुकलं, पावसाळ्यामुळे विक्री मंदावली, पण टीम जोमात आहे.’ हे प्रामाणिक वाटतं, पण याच्यात माहिती काहीच नाही. मला तर ही तऱ्हा पहिलीपेक्षा जास्त नुकसानीची वाटते, कारण लिहिणाऱ्यालाही आपण खरं सांगितलं असं वाटून जातं.

तिसऱ्या तऱ्हेत ११ ग्राहकांची तूट फोडून दाखवतात. ठरलं होतं नवे ३६ येतील आणि जुने ८ जातील. प्रत्यक्षात नवे ३१ आले आणि जुने १४ गेले. म्हणजे विक्रीची तूट पाचाची आहे आणि गळतीची सहाची. विक्री मंदावली हे अर्धंसुद्धा खरं नाही. गेलेल्या १४ जणांची यादी काढली, तर त्यातले ९ जण येऊन तीन महिनेही झालेले नाहीत. हे नऊही जण आले ते खर्च वाचवण्यासाठी कंपनीनं वर्कशॉपमध्ये जाऊन शिकवणं बंद केल्यानंतर. त्यांना व्हिडिओ कॉलवर शिकवलं होतं. कॉलवर बसले मालक, आणि मशीनजवळ उभं राहून नोंद करायची होती सुपरवायझरला. तो शिकलाच नाही. दोन महिने नोंदी अर्धवट राहिल्या आणि तिसऱ्या महिन्यात मालकानं भाडं थांबवलं.

आता पत्रातला परिच्छेद असा होतो: ‘जुलैचं उद्दिष्ट ११ ग्राहकांनी चुकलं. निम्म्याहून अधिक तूट गळतीमुळे आहे. शिकवणं व्हिडिओवर नेण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकला. ऑगस्टपासून पुन्हा जागेवर जाऊन सुपरवायझरला शिकवू. दर ग्राहकामागे सुमारे १,८०० रुपये खर्च वाढेल. ऑगस्टमध्ये आलेल्यांपैकी किती टिकले ते नोव्हेंबरच्या पत्रात कळवतो.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. आपला अंदाज खरा की खोटा हे कधी आणि कशावरून ठरेल, ते त्यानं आधीच सांगून टाकलं. नोव्हेंबरमध्ये गळती तशीच राहिली तर निदान चुकलं होतं, हे वाचणाऱ्यालाही कळेल.

दुसरा आकडा पैशांचा: शिल्लक किती महिने पुरेल. या धंद्यात त्याला रनवे म्हणतात, आणि दरमहा आवकेपेक्षा जास्त जाणाऱ्या रकमेला बर्न. भागाकार पोरखेळाचा वाटतो, पण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. आपल्या कंपनीच्या खात्यात ३१ जुलैला १ कोटी १८ लाख आहेत. महिन्याचा खर्च साडेएकोणीस लाख. जुलैमध्ये आवक झाली सव्वाअकरा लाखांच्या आसपास, म्हणजे बर्न सव्वाआठ लाख. भागून पाहिलं की रनवे चौदा महिने निघतो. छान.

पण जुलैत २० ग्राहकांनी वर्षभराचं भाडं एकदम भरलं होतं, तीस-तीस हजार रुपये. आवकेतले ६ लाख ते आहेत. हे वीस जण पुढचं वर्षभर एक पैसाही देणार नाहीत, सेवा मात्र घेणार आहेत. उरलेले २०९ जण दरमहा देतील सव्वापाच लाखांच्या आत-बाहेर. खरा बर्न सव्वाचौदा लाखांच्या घरात जातो. शिवाय खात्यातले तीनेक लाख कंपनीचे नाहीतच. पगारातून कापलेला टीडीएस, भविष्य निर्वाह निधी आणि ग्राहकांकडून घेतलेला जीएसटी पुढच्या महिन्यात सरकारजमा व्हायचा आहे. ते वजा करून पुन्हा भागलं की रनवे आठ महिने उरतो. चौदा आणि आठ, दोन्ही आकडे एकाच बँक खात्यातून निघाले. पत्रात आठ लिहायचे आणि ते कसे आले ते एका ओळीत सांगायचं.

आठ महिने म्हणजे मार्चअखेर. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेल्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेचे एक संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २०१५ मधल्या एका लेखात विचारलेला प्रश्न इथे लावून पाहावा: खर्च आहे तोच राहिला आणि वाढही हीच राहिली, तर हाताशी असलेल्या पैशांत कंपनी नफ्यात पोचते का? महिन्याला १७ ग्राहक वाढत राहिले, तर मार्चअखेर ते ३६५ होतील आणि भाडं सव्वानऊ लाखांच्या आत राहील. खर्च साडेएकोणीस. उद्दिष्टाप्रमाणे २८ वाढले असते तरी पावणेबारा लाखांच्या पुढे गेलं नसतं. म्हणजे जुलै चुकला नसता तरीही नवी गुंतवणूक लागणारच होती. निधी उभारायला पाच-सहा महिने सहज जातात, तेव्हा सुरुवात सप्टेंबरच्या पुढे ढकलता येणार नाही. हे गुंतवणूकदारांना जानेवारीत कळलं तर ते काही करू शकत नाहीत, ऑगस्टमध्ये कळलं तर करू शकतात.

आता मागणं. बहुतेक पत्रांच्या शेवटी ‘कुणी योग्य व्यक्ती ओळखीची असेल तर जरूर सांगा’ असं असतं. त्यावर कोणी काही करत नाही, आणि त्यात आळस नसतो. योग्य म्हणजे कोण, हे वाचणाऱ्यानं ठरवावं असा तो भार असतो. आपल्या संस्थापकानं दोनच गोष्टी मागाव्यात. एक, चाकणमधल्या मोठ्या वाहन कंपनीच्या पुरवठादार-विकास विभागातल्या अधिकाऱ्याशी ओळख. कंपनीचं आणि हुद्द्याचं नाव पत्रात असावं. कारण असं की, त्या विभागानं शब्द टाकला तर त्यांना माल देणारी चाळीस-पन्नास वर्कशॉप एका बैठकीत भेटतात. दोन, शॉप फ्लोअरवर काम केलेला, मराठी-हिंदीत शिकवू शकणारा प्रशिक्षण प्रमुख, पगार अमुक ते अमुक, रुजू सप्टेंबरमध्ये.

पहिल्या मागणीसोबत पाच ओळींचा मजकूर वेगळा जोडायचा: कंपनी काय करते, भेट कशासाठी, वीस मिनिटं पुरतील. गुंतवणूकदारानं तो जसाच्या तसा पुढे पाठवायचा. समोरचा ‘हो’ म्हणाला की मगच दोघांची गाठ घालून द्यायची. मागणं किती नेमकं आहे याची कसोटी सोपी आहे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादा चेहरा आला पाहिजे, किंवा ‘आपल्या ओळखीत कोणी नाही’ हे लगेच कळलं पाहिजे.

या पत्राच्या मर्यादाही आहेत. सहसंस्थापक सोडून गेला, सगळ्यात मोठा ग्राहक गेला, नोटीस आली, अशा बातम्या पत्रातून पहिल्यांदा कळता कामा नयेत. मोठ्या गुंतवणूकदाराला आधी फोन, मग पत्र. पत्र पुढे कुठे जाईल यावरही ताबा नसतो. ग्राहकांची नावं आणि दरातली सूट सगळ्यांच्या पत्रात घालू नये, संचालकांपुरती ठेवावी. मोकळं पत्र वाचून घाबरणारे, रोज फोन करणारे गुंतवणूकदारही असतात, आणि त्यावर पत्राकडे उत्तर नाही.

पत्रातले आकडे आणि लेखापरीक्षकांसमोरचे आकडे वेगळे निघाले, तर गोष्ट पत्रापुरती राहत नाही. जानेवारी २०२३ मध्ये गोमेकॅनिक या गुरुग्रामच्या वाहनदुरुस्ती कंपनीच्या सहसंस्थापकानं हिशेब दाखवण्यात चुका झाल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि सुमारे ७० टक्के कर्मचाऱ्यांना काढत असल्याचं सांगितलं. तिथे मासिक पत्रांत काय लिहिलं जात होतं, ते बाहेरच्यांसमोर आलेलं नाही. पण आकडा फुगवायचा की नाही, हा प्रश्न कोणत्याही कंपनीत पहिल्यांदा येतो तो अशाच एखाद्या चुकलेल्या महिन्यात, आणि तेव्हा फरक फार तर अकरा ग्राहकांचा असतो.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपला संस्थापक पुढचं पत्र लिहील. त्यात सगळ्यात वर ऑगस्टचे तेच तीन आकडे, त्याच व्याख्येनं: पैसे भरणारे ग्राहक, दरमहाचं भाडं, रनवे. त्याखाली गेल्या वेळच्या दोन मागण्यांचं काय झालं ते. ओळख कोणी करून दिली, भेट झाली का, प्रशिक्षण प्रमुख मिळाला की नाही. ज्यांनी मदत केली त्यांची नावंही तिथेच यावीत, कारण उरलेले गुंतवणूकदार ती ओळ हमखास वाचतात.