वाचनयादी लावताना

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचनयादीत ‘न्या. रानडे’ आणि ‘रानडे म. गो.’ अशा दोन नोंदी दिसल्या, तर बहुधा पुस्तक एकच असते. म्हणून आधी प्रत्येक नोंद एकाच साच्यात बसवावी: आडनाव, नाव, शीर्षक, प्रकाशक, वर्ष. वर्ष मात्र जपून लिहावे. ग्रँट डफचा इतिहास १८२६चा आहे. नुसते पुनर्मुद्रणाचे साल दिले, तर विद्यार्थी तो रानड्यांच्या १९००च्या ग्रंथानंतरचा समजेल. मूळ सालही द्यावे.

अनिवार्य भागात वर्गात चर्चा होणारी प्रकरणेच घ्यावीत, पृष्ठांकांसह आणि तासिकांच्या क्रमाने: डफ आधी, मग त्याचे खंडन करणारे रानडे. सरदेसाईंची अनेक खंडांची ‘मराठी रियासत’ सबंध अनिवार्य करणे अन्यायाचे आहे. ती पूरक भागात, आडनावांच्या अकारविल्हे क्रमात शोभते.