तीन तारा, दोन मीटर आणि उलटा जाणारा काटा

पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर तीन तारांवर चालते. ती किती वीज खाते हे मोजायचं, तर प्रत्येक तारेत एक असे तीन वॉटमीटर लागतील, असं कुणालाही वाटेल. पण डिप्लोमाच्या प्रयोगशाळेत टेबलावर दोनच मीटर मांडलेले असतात, आणि त्यांची बेरीज अगदी बरोबर येते. मोटरला भार नसेल तर त्यातल्या एका मीटरचा काटा शून्याच्या डावीकडे जाऊन खुंटीला टेकतो. नवखे विद्यार्थी तिथे हमखास गडबडतात. मीटर बिघडला, असं त्यांना वाटतं. मीटर ठणठणीत असतो.

तिसरा मीटर का लागत नाही, ते आधी पाहू. एखाद्या तारेतून येणारी शक्ती म्हणजे त्या क्षणी तिच्यावरचा व्होल्टेज गुणिले तिच्यातला करंट. करंट तारेत आहे तेवढाच असतो, पण व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजावा लागतो. जमिनीच्या तुलनेत मोजा, नाहीतर मोटरच्या आतल्या स्टार बिंदूच्या. तारा तीनच असतील आणि चौथी वाट नसेल, तर दोन तारांतून आत गेलेला करंट तिसरीतून बाहेर यावाच लागतो. म्हणजे तिन्ही करंटची बेरीज प्रत्येक क्षणी शून्य. त्यामुळे तुलनेचा बिंदू कुठेही सरकवला, तरी एकूण शक्तीत फरक पडत नाही. मग तो बिंदू थेट वाय तारेवरच का धरू नये? वाय तारेचा स्वतःशी तुलनेतला व्होल्टेज शून्य, म्हणून तिच्या मीटरवर कायम शून्यच येणार. तो मीटर काढून टाकला. आंद्रे ब्लाँडेल या फ्रेंच अभियंत्याने 1893 मध्ये हे सर्वसाधारण नियमाच्या रूपात मांडलं: जितक्या तारा, त्यापेक्षा एक मीटर कमी पुरतो. भार समतोल आहे की नाही, जोडणी स्टार आहे की डेल्टा, याची या नियमाला पर्वा नाही.

जोडणी अशी. एका मीटरची करंट कॉइल आर तारेत, दुसऱ्याची बी तारेत. दोन्ही मीटरच्या प्रेशर कॉइलचं एक टोक आपापल्या तारेला आणि दुसरं वाय तारेला. मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, म्हणून तेवढ्या वेळापुरती करंट कॉइल स्विचने शॉर्ट करून ठेवायची आणि मोटरने वेग धरला की स्विच उघडायचा.

आता 415 व्होल्टवर ही मोटर मोकळी फिरते आहे आणि करंट साडेतीन अँपिअर आहे असं धरू. बीचा मीटर 871 वॉट दाखवतो आणि आरचा काटा उलटा जातो. सप्लाय बंद करून आरच्या मीटरच्या करंट कॉइलची टोकं अदलाबदल करायची. काटा सुलटा येऊन 571 वर थांबतो. हा आकडा वहीत उणे चिन्हासह लिहायचा. 871 वजा 571, म्हणजे मोटर 300 वॉट घेते आहे. उणे चिन्ह विसरून बेरीज केली तर 1442 येतात. मोकळ्या फिरणाऱ्या एवढ्या मोटरला जवळपास दीड किलोवॉट? हा आकडा पाहून कुणीही थबकायला हवं.

काटा उलटतो तो करंट मागे पडल्यामुळे. वाय तारेच्या तुलनेत मोजल्यामुळे प्रत्येक मीटरचा व्होल्टेज त्या तारेच्या खऱ्या फेज व्होल्टेजपासून 30 अंश सरकलेला असतो, एकाचा पुढे तर दुसऱ्याचा मागे. मोटरचा करंट मागे पडू लागला की एका मीटरमध्ये हे अंतर वाढत जातं. करंट 60 अंश मागे पडला, म्हणजे पॉवर फॅक्टर 0.5 झाला, की तिथे 90 अंश भरतात आणि काटा शून्यावर येतो. त्याहूनही मागे पडला तर काटा उणेत जातो. मोकळी मोटर मुख्यतः चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठीच करंट घेते आणि तो फार मागे असतो. वरच्या आकड्यांवरून तो किती मागे आहे हेही काढता येतं. W1 हा मोठा आकडा आणि W2 लहान, उणे असल्यास उण्यासकट:

tan φ = √3 (W1 − W2) / (W1 + W2)

इथे कोन येतो सुमारे 83 अंश आणि पॉवर फॅक्टर जेमतेम 0.12.

याच मोटरवर भार चढवत नेला की आरचा मीटर आधी शून्याकडे येतो, मग शून्य ओलांडून धन बाजूला चढतो. पूर्ण भाराला बी सुमारे 3060 आणि आर 1290 दाखवतो. एकूण 4350 वॉट, पॉवर फॅक्टर 0.82. पण म्हणून बी तारेतून जास्त वीज येते असं मात्र नाही. तिन्ही फेज सारखीच वीज देत असतात. एकट्या मीटरच्या आकड्याला कुठल्याही एका फेजची शक्ती समजणं, ही या पद्धतीतली सर्वांत रुजलेली चूक आहे. अर्थ असतो तो जोडीला. दोन फेजच्या तारा आपसात बदलून मोटर उलटी फिरवली तर मोठा आकडा दुसऱ्या मीटरवर जातो. गरजेपेक्षा मोठे कपॅसिटर लावून करंट व्होल्टेजच्या पुढे गेला, तरी तसंच होतं.

मोकळ्या मोटरच्या मापनात एक अडचण आहे. 300 हा दोन मोठ्या आकड्यांतला फरक आहे. 3000 वॉट पूर्ण मापाचा, अर्धा टक्का अचूकतेचा मीटर 15 वॉटपर्यंत चुकू शकतो. दोन्ही मीटर विरुद्ध दिशांना चुकले, तर 300 मध्ये 30 वॉटची, म्हणजे दहा टक्क्यांची चूक शिरते. मीटर उत्तम असूनही!

कोनाच्या सूत्रावरही आंधळा विश्वास नको. स्टारमध्ये जोडलेले दोन-दोन किलोवॉटचे तीन हीटर घ्या. दोन्ही मीटर तीन-तीन किलोवॉट दाखवतात, एकूण सहा. बी तारेतला फ्यूज उडाला की उरलेले दोन हीटर आर आणि वायच्या मध्ये ओळीने जोडले जातात. आरचा मीटर तीनच दाखवत राहतो, बीचा शून्यावर येतो. एकूण तीन किलोवॉट, हे खरंच आहे. सूत्र मात्र पॉवर फॅक्टर 0.5 सांगेल आणि हीटरचा तर तो 1 असतो. सूत्र समतोल भारासाठीच आहे. म्हणून तिन्ही तारांचे करंट पाहिल्याशिवाय ते वापरायचं नाही.

आणि याच हीटरच्या स्टार बिंदूला न्यूट्रल जोडली असेल तर? तिन्ही हीटर चालू असताना न्यूट्रलमधून काही वाहत नाही, आणि सहा किलोवॉटचा आकडा बरोबर येतो. बीचा फ्यूज उडाल्यावर उरलेले दोन्ही हीटर पूर्ण दोन-दोन किलोवॉट घेतात, म्हणजे खरे चार. मीटर मात्र मघाचेच आकडे दाखवतात, तीन आणि शून्य. एक किलोवॉट न्यूट्रलच्या वाटेने हिशेबाबाहेर गेला, आणि काट्यांकडे पाहून ते ओळखता येत नाही. न्यूट्रलसह चार तारांच्या जोडणीला म्हणूनच तीन घटकांचा मीटर लागतो.