भिजलेली काजू बी आणि साडेसदतीस टक्के

आयव्हरी कोस्टच्या आबिद्जान बंदरातून निघालेला वीस फुटी कंटेनर न्हावा शेव्याला उतरतो आणि ट्रेलरवर चढून चंदगडच्या एका काजू कारखान्यात येतो. आत 80 किलोची 200 पोती काजू बी. दार उघडताच कुबट वास येतो, एका बाजूच्या पोत्यांवर बुरशीचे काळपट-हिरवे डाग दिसतात. उदाहरण आणि त्यातले आकडे हिशोब समजावा म्हणून मी बेतलेले आहेत, पण असा माल काजूच्या धंद्यात नवा नाही.

अशा वेळी मालकाच्या मनात पहिली गोष्ट येते ती पोती भराभर उतरवून उन्हात पसरायची. ती करायचीच आहे, पण थोडं थांबून. दार उघडण्याआधी सीलचा नंबर बिल ऑफ लेडिंगवरच्या नंबराशी ताडून फोटो काढलेला हवा. ओल दिसली की उतरवणं थांबवायचं, पोती होती तशी ठेवून फोटो घ्यायचे आणि विमा कंपनीला लगेच कळवायचं. ट्रेलरवाल्याच्या पावतीवर ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ अशी सही करून देऊ नये. ‘पोती ओली, बुरशी आलेली’ असा शेरा लिहूनच सही करावी.

विमा कंपनी परवानाधारक सर्व्हेअर पाठवते. माल किती खराब झाला, एवढंच तो मोजत नाही. त्याच्या अहवालातला कळीचा प्रश्न असतो, पाणी आलं कुठून? रिकाम्या कंटेनरमध्ये उभं राहून तो दारं बाहेरून लावून घेतो. मिट्ट काळोखात पत्र्यातून कुठे उजेडाचा ठिपका दिसला, तर तिथे भोक आहे. मग ओल्या तागाचा तुकडा शुद्ध पाण्यात भिजवून त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. पाणी दुधासारखं पांढरं झालं, तर त्यात क्लोराइड, म्हणजे मीठ आहे. हुशार सर्व्हेअर हीच चाचणी कोरड्या पोत्यावरही करतो, कारण थोडंफार मीठ हाताळणीतूनही लागलेलं असतं. दोन नमुन्यांत ठळक फरक दिसला तरच समुद्राचं पाणी शिरल्याचं म्हणता येतं.

मीठ सापडलं नाही, भोकही दिसलं नाही आणि ओल छताकडच्या पोत्यांवर असली, तर संशय कंटेनरच्या घामावर जातो. बी नीट वाळलेली नसली की तिची वाफ होते, थंड समुद्रात पत्रा गार पडतो आणि ती वाफ थेंब होऊन मालावरच टपकते. अशाच एका प्रकरणाचा निकाल 1990 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने दिला. माल होता कलकत्त्याहून रॉटरडॅमला गेलेले चामड्याचे हातमोजे. थेंब वरून पडले हे खरं, पण ते पाणी मोज्यांतूनच निघालेलं होतं. न्यायालयाने हा मालाचा अंगभूत दोष ठरवला आणि विमा कंपनी सुटली. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही अंगभूत दोषाची भरपाई सहसा मिळत नाही. म्हणून जहाजात चढवण्याआधीचं आर्द्रतेचं प्रमाणपत्र आयातदाराने मागून ठेवावं. बी पुरेशी वाळलेली होती हे दाखवायला मग कागद हातात असतो.

आपल्या उदाहरणात छताच्या कडेला गंजून पडलेलं भोक सापडलं आणि चाचणीत पाणी खारं निघालं. आता इनव्हॉइस. त्यातली किंमत सगळे बघतात. सौदा कोणत्या अटीवर झाला, ते मात्र नुकसान झाल्यावर वाचलं जातं. सौदा सीआयएफ असला तर विमा विकणाऱ्याने काढायचा असतो. पण इन्कोटर्म्सच्या नियमाने त्याच्यावर ‘सी’ क्लॉजइतकाच, म्हणजे किमान विमा काढण्याचं बंधन आहे. जहाज बुडालं, अडकलं, आग लागली तर ‘सी’ चालतो. भोकातून कंटेनरमध्ये शिरलेलं समुद्राचं पाणी त्यात बसत नाही. त्यासाठी ‘बी’ किंवा ‘ए’ लागतो. हप्त्यातली थोडीशी बचत इथे फार महागात पडते. आपल्या कारखानदाराने सौदा सी अँड एफवर करून स्वतः ‘ए’ क्लॉजची पॉलिसी घेतली होती.

माल, भाडं आणि हप्ता मिळून 16 लाख रुपये. रिवाजाप्रमाणे त्यावर 10 टक्के चढवून विमा 17 लाख 60 हजारांचा, म्हणजे पोत्यामागे 8,800 रुपये. सर्व्हेअरच्या मोजणीत 60 पोती भिजलेली निघाली. त्यांतली 10 पूर्ण सडलेली, उरलेली 50 कमी भावाने का होईना विकण्याजोगी. त्याने दोन्हींची कापणी करून पाहिली. चांगल्या बीमधून 80 किलोला 48 पाउंड गर निघाला, भिजलेल्यातून 30.

सडलेल्या 10 पोत्यांचा हिशोब सोपा: 88 हजार. घोळ होतो तो बाकीच्या 50 मध्ये. वाहतूक, शुल्क सगळं धरून कारखान्यावर चांगल्या पोत्याचा भाव त्या दिवशी 9,600 होता आणि भिजलेलं पोतं 6,000 ला गेलं. मालक म्हणणार, पोत्यामागे 3,600 बुडाले, 50 पोत्यांचे 1 लाख 80 हजार द्या. कायदा रुपयांतली ही तफावत देत नाही, तिचं प्रमाण काढतो. 9,600 मधले 3,600 म्हणजे साडेसदतीस टक्के. ते 50 पोत्यांच्या विमा रकमेला, म्हणजे 4 लाख 40 हजारांना लावायचे. झाले 1 लाख 65 हजार.

मालकाला यात 15 हजार कमी मिळाले असं वाटेल. पण समजा, माल येईपर्यंत बाजार पडला असता आणि चांगलं पोतं 6,400 ला, भिजलेलं 4,000 ला गेलं असतं. तफावत 2,400 ची झाली असती, प्रमाण मात्र साडेसदतीस टक्केच. भरपाई तीच 1 लाख 65 हजार. बाजाराची चढउतार व्यापाऱ्याची, पाण्याने केलेलं नुकसान विमा कंपनीचं, अशी ही वाटणी आहे आणि मला ती रास्त वाटते. त्यासाठी चांगल्या मालाचा त्याच दिवसाचा भाव लेखी हवा. दोन-तीन व्यापाऱ्यांची कोटेशनं सर्व्हेअरच्या हाती दिली, तर पुढची घासाघीस बरीच टळते.

एकूण 2 लाख 53 हजार. पॉलिसीत विमा रकमेच्या अर्धा टक्का सोसण्याची अट असेल तर त्यातून 8,800 वजा. क्लेमच्या पत्रात मागणी लिहायची ती 2 लाख 44 हजार 200 रुपयांची. सोबत पॉलिसी, बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एंट्री, सर्व्हे अहवाल आणि भिजलेली पोती विकल्याची पावती. पोत्यांची संख्या या सगळ्या कागदांवर जुळली पाहिजे. अहवालात 60 आणि पत्रात 62 असलं की फाइल महिनाभर तिथेच पडते.

आणखी एक कागद लोक हमखास विसरतात, तो म्हणजे जहाज कंपनीला दिलेली नोटीस. हेग नियमांप्रमाणे, नुकसान वरून दिसत नसेल तर माल मिळाल्यापासून तीन दिवसांत कळवायचं असतं. सर्व्हेला या म्हणून त्यांनाही बोलवायचं. त्यांच्याकडून बहुधा कोणी येत नाही, पण बोलावल्याचा पुरावा फाइलला लागतो. पैसे दिले की मालकाचे हक्क विमा कंपनीकडे जातात आणि गंजक्या कंटेनरबद्दल ती जहाज कंपनीकडून वसुली करू शकते. तिची ही वाट मालकाच्या हलगर्जीने बंद झाली, तर क्लेमला कात्री लागू शकते. जहाज कंपनीवर दावा लावायला मुदत आहे एक वर्ष, आणि ती मोजली जाते माल ताब्यात मिळाल्याच्या तारखेपासून. क्लेम विमा कंपनीच्या टेबलावर रेंगाळत असला तरी हे वर्ष थांबत नाही, म्हणून मुदत वाढवून देण्याचं पत्र जहाज कंपनीकडे वर्ष संपण्याच्या आत मागावं लागतं.