तोंडी परीक्षेची पूर्वतयारी : आपल्याच अहवालातील प्रश्न

तोंडी परीक्षेत परीक्षकापुढे तुमचा प्रकल्प अहवाल उघडा असतो आणि बहुतेक प्रश्न त्याच्याच पानांतून निघतात. म्हणून संभाव्य प्रश्न बाहेर शोधण्यापेक्षा हाती पेन्सिल घेऊन अहवाल पुन्हा वाचावा. जेथे तुम्ही काही निवडले आहे आणि जेथे काही ठामपणे म्हटले आहे, त्या वाक्यांखाली रेघ ओढावी. निवडीवर ‘हेच का?’ आणि विधानावर ‘कशावरून?’ असा प्रश्न येतो.

समजा, तुमचा विषय ‘गुलमंडी परिसरातील दुकानांच्या पाट्यांची भाषा’ हा आहे आणि १४व्या पानावर वाक्य आहे : ‘पाहिलेल्या ६० पाट्यांपैकी ४२ मराठी आहेत.’ साठच पाट्या का, हा प्रश्न सोपा. अवघड प्रश्न पुढचा : ‘न्यू फॅशन क्लॉथ सेंटर’ ही देवनागरी पाटी कोणत्या गटात घातली? मराठीत मोजली असेल, तर ४२ ही संख्या लिपीची आहे, भाषेची नव्हे. अशा वेळी छायाचित्रे काढून मोजणी पुन्हा करावी. समजा, शब्दही मराठी असलेल्या पाट्या २७ निघाल्या. मग उत्तर तयार झाले.

ते उत्तर मात्र पूर्ण लिहू नये. वहीच्या डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर केवळ खुणेचे शब्द असावेत : ‘पृ. १४ – लिपी ४२ – शब्द २७ – न्यू फॅशन.’ पाठ केलेले वाक्य परीक्षकाने मध्येच तोडले की विद्यार्थी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो, हे मी परीक्षकाच्या खुर्चीवरून अनेकदा पाहिले आहे. शिवाय लेखी मराठी बोलताना अडखळते. खुणेच्या शब्दांवरून तुम्ही सहज म्हणाल, “सर, ४२ हा आकडा लिपीचा आहे. शब्द पाहिले, तर २७च उरतात.”

आता निष्कर्षाकडे वळू. ‘व्यापाऱ्यांना मराठीविषयी आस्था आहे’ असे तेथे लिहिले असेल, तर परीक्षक कायद्याकडे बोट दाखवील. २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी पाटी बंधनकारक झाली. मग पाटी आस्थेमुळे लागली की कायद्यामुळे? दुकानदारांच्या मुलाखती घेतल्या नसतील, तर केवळ पाट्यांवरून हे सांगता येत नाही. येथे खूण अशी : ‘पाटी दिसते, कारण दिसत नाही – कायदा २०२२ – मुलाखती नाहीत.’ छापून झालेले वाक्य आता बदलता येणार नाही. पण ते पुराव्यापेक्षा पुढे गेले, हे स्वतःहून सांगता येते. ते रेटत बसल्यास पुढचे तीन प्रश्न त्यावरच येतात.

शेवटी वही घरातील कोणाच्या तरी हाती द्यावी. त्यांनी प्रश्न उलटसुलट क्रमाने विचारावेत आणि उत्तर मध्येच थांबवावे. खूण ऐकूनही उत्तर सुचले नाही, तर उत्तर पाठ करू नये. खुणेचा शब्द बदलावा.