झेरॉक्स मशीनचे पैसे सात वर्षांनी कुठून येणार?

झेरॉक्सच्या दुकानातले मुख्य मशीन समजा आज तीन लाखांचे आहे आणि ते सात वर्षे चालेल. हिशेबनीस दरवर्षी त्याचा घसारा लावतो, त्यामुळे कागदावर नफा कमी दिसतो. पण त्याने बँकेत एक रुपयाही जमत नाही. मशीन थकले की दुकानदाराला कर्ज काढावे लागते. हे टाळायचे तर दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला हवी.

आधी लक्ष्य ठरवावे. किंमत वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर तीन लाखांचे मशीन सात वर्षांनी सुमारे ४,२२,००० रुपयांना पडेल. जुने मशीन विकून २२,००० आले, तर उरतात चार लाख. नुसते सातने भागले तर वर्षाला ५७,१४३ रुपये होतात. पण जमा पैशावर व्याज मिळते, म्हणून एवढे टाकावे लागत नाहीत. कर वजा जाता ६ टक्के व्याज हाती येईल असे धरून एक्सेलमध्ये लिहा:

```
=PMT(6%,7,0,-400000)
```

उत्तर येते ४७,६५४ रुपये. कंसात क्रमाने व्याजदर, वर्षे, आज हातात असलेली शिल्लक आणि शेवटी हवी असलेली रक्कम आहे. रकमेपुढची वजाची खूण उत्तर अधिक यावे म्हणून. हप्ता वर्षाच्या शेवटी भरायचा, असे इथे गृहीत आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच भरणार असाल तर कंसात शेवटी `,1` जोडा. रक्कम ४४,९५७ वर येते.

सर्वांत जास्त चूक त्या शून्याच्या जागी होते. शून्य राहून गेले आणि चार लाख तिसऱ्या जागी पडले, तर उत्तर ७१,६५४ येते. तो चार लाखांच्या कर्जाचा हप्ता झाला, बचतीचा नव्हे. ओळखायला सोपे आहे: वर्षाअखेरच्या बचतीचा हप्ता साध्या भागाकारापेक्षा, म्हणजे इथे ५७,१४३ पेक्षा, कमीच असायला हवा.

एकदा काढलेला आकडा सात वर्षे तसाच ठेवणे मात्र धोक्याचे. तीन वर्षांनी खात्यात १,५१,७११ रुपये असतील. तेव्हा चौकशी केल्यावर लक्ष्य साडेचार लाखांवर गेल्याचे कळले, तर शून्याच्या जागी ती शिल्लक टाका:

```
=PMT(6%,4,151711,-450000)
```

आता हप्ता ५९,०८४. वाढ मोठी वाटते, कारण ती भरून काढायला चारच वर्षे उरली आहेत. पहिल्याच वर्षी साडेचार लाख धरले असते, तर ५३,६११ मध्ये भागले असते. म्हणून दर मार्चअखेर, हिशेब बंद करताना, विक्रेत्याकडून नव्या मशीनचा भाव मागवा आणि हप्ता पुन्हा काढा.